‘वाकी’ची ‘बाकी’ होते कशी? मोबाईलचा कॅमेराच अक्षरात रेघ घालतो

चाकण : सातबाऱ्याचा फोटो काढला, ॲपनं मजकूर वाचला आणि गावाच्या नावापुढे ‘वाकी खुर्द’ऐवजी ‘बाकी खुर्द’ आलं, तर दोष बहुतेक वेळा वाचणाऱ्या ॲपला दिला जातो. पण ॲपच्या हाती फोटो येण्याआधीच ‘व’च्या पोटात रेघ ओढली गेलेली असू शकते.

आता हे कसं होतं ते बघा. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आख्खा कागद घेतला, तर दोन मिलिमीटर उंचीच्या अक्षराला जेमतेम २५ ठिपके मिळतात. ‘व’च्या पोटातल्या पांढऱ्या जागेला त्यातले पाच-सहाच. हात हलला, उजेड कमी असला, की ही जागा राखाडी दिसते.

मग कॅमेरा फोटो आपोआप ‘धारदार’ करतो. त्याला अक्षर कळत नाही, फक्त कडा कळते. कडेची काळी बाजू तो आणखी काळी करतो, पांढरी बाजू आणखी पांढरी. पोटाच्या दोन्ही कडांना लागून पांढरे पट्टे उमटतात आणि मधली जागा होती तशी राखाडीच राहते. कागदाचा खरखरीतपणा किंवा शाईचा कणही याच झटक्यात गडद होतो. त्यानंतर स्कॅन ॲपनं फोटो काळा-पांढरा केला की मधल्या राखाडीची काळी रेघ बनते. ‘व’चा ‘ब’ झाला! ‘प’चा ‘ष’ही असाच होऊ शकतो. काही नवे फोन तर पुसट भाग अंदाजानं भरून काढतात, तिथं रेघ आणखी सफाईदार येते.

गोम अशी, की ही रेघ स्वच्छ आणि ठसठशीत असते. त्यामुळे ॲपलाही शंका येत नाही, ते बिनधास्त ‘ब’ वाचतं. पुसट अक्षर निदान पुसट तरी दिसतं.

ओळखायचं असेल तर फोटो मोठा करून पाहा. अक्षराभोवती कागदापेक्षा पांढरी किनार दिसली, तर धार जास्त झाली आहे. त्याच पानावर ‘विहीर’सारख्या शब्दातला ‘व’ शोधा. दोन्हींच्या पोटात रेघ असेल, तर ती छपाईतली नाही हे उघड आहे.

पुन्हा फोटो काढताना आख्खा कागद न घेता फक्त वरच्या दोन-तीन ओळी जवळून, दिवसाच्या उजेडात, झूम न करता घ्या. स्कॅन ॲपमध्ये Original ठेवा. व्हॉट्सॲपवर Document म्हणून पाठवलं तर ठिपके कमी होत नाहीत. मात्र कॅमेऱ्यानं आधीच घातलेली रेघ त्यानं जात नाही. महाभूमीच्या digitalsatbara.mahabhumi.gov.in वरून उतरवलेली सातबाऱ्याची PDF तशीच पाठवली, तर मध्ये कॅमेरा येतच नाही.