शालूचा लाल रंग विटतो कुठे?

फोटोग्राफरच्या मॉनिटरवर नवरीचा शालू लालभडक दिसतो आणि तोच फोटो वेबसाइटवर चढवला की विटका दिसू लागतो. दोष कॅमेऱ्याचा नसतो, पाहणाऱ्याच्या स्क्रीनचाही बहुधा नसतो. गोंधळ फाइल बाहेर काढताना झालेला असतो.

फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा यांचे ० ते २५५ पर्यंतचे तीन आकडे. पण २५५ लाल म्हणजे नेमका किती लाल, हे आकडा सांगत नाही, ते प्रोफाइल सांगते. 'दहा' एवढेच लिहिले तर सोने दहा तोळे की दहा ग्रॅम हे कळत नाही, तसेच हे.

वेब आणि साधे स्क्रीन एसआरजीबी हे माप धरून चालतात. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये ते मांडले. १९९८ चे अ‍ॅडोबी आरजीबी त्याहून रुंद आहे. विशेषतः हिरवे आणि निळसर हिरवे रंग त्यात जास्त मावतात. माप मोठे असल्याने तोच रंग त्यात लहान आकड्याने लिहिला जातो. एसआरजीबीतला २५५, ०, ० हा लाल अ‍ॅडोबी आरजीबीत २१९, ०, ० होतो. प्रोफाइल सोबत असेल आणि समोरचे अ‍ॅप ते वाचत असेल, तर रंग बरोबर दिसतो. पण कित्येक वेबसाइट फाइल लहान करताना प्रोफाइल काढून टाकतात. मग २१९ हा आकडा एसआरजीबीचाच समजला जातो आणि शालू काळपट पडतो. पांढरा आणि करडा मात्र जवळपास जसेच्या तसे राहतात. मांडव पांढराशुभ्र आणि शालू तेवढा मलूल, असे दिसले की संशय प्रोफाइलवर घ्यावा. अनेक कॅमेरे अ‍ॅडोबी आरजीबीत काढलेल्या फाइलचे नाव अंडरस्कोअरने (_) सुरू करतात, तीही एक खूण.

उपाय म्हणजे रूपांतर. फोटोशॉपमध्ये Edit मेनूतले Convert to Profile उघडून `sRGB IEC61966-2.1` निवडावे. यात आकडे बदलतात, रंग टिकतो. २१९ पुन्हा २५५ होतो. शेजारचे Assign Profile उलट वागते. ते आकडे तसेच ठेवून फक्त माप बदलते, म्हणजे इथे बिघाड कायमचाच होतो. त्याचा उपयोग प्रोफाइल हरवलेल्या फाइलपुरता: आधी अ‍ॅडोबी आरजीबी Assign करायचे, मग एसआरजीबीत Convert. एक्स्पोर्ट करताना Embed Color Profile वर खूण असू द्यावी.

एसआरजीबीत न मावणारे गडद रंग मात्र रूपांतरात काठावर छाटले जातात. पोपटी काठावरची बारीक वीण त्यामुळे सपाट दिसू शकते आणि ती त्या फाइलमधून परत मिळत नाही. म्हणून रूपांतर नेहमी प्रतीवर करावे आणि रुंद प्रोफाइलची मूळ फाइल छपाईसाठी जपून ठेवावी.