शैली बदलावी, खिडकी जागची हलू नये

एका जुन्या वाड्याच्या चौकाचा फोटो आहे. डावीकडे दोन लाकडी खांब, मधोमध तुळशीवृंदावन, मागे माडीच्या पाच खिडक्या आणि वर मोकळं आभाळ. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी या फोटोचं जलरंगातलं चित्र हवं आहे. अंकाचं नाव आभाळाच्या जागेत बसवायचं हे आधीच ठरलंय, त्यामुळे खांब, वृंदावन, खिडक्या जिथल्या तिथे राहायला हव्यात. बदलायची ती फक्त शैली. चित्रं तयार करणाऱ्या एआय मॉडेलकडून हे काम करून घ्यायचे दोन मुख्य मार्ग आहेत, आणि ते आतून इतके वेगळे आहेत की एकाची सवय दुसऱ्याला लावली तर हाती भलतंच काही येतं.

पहिला मार्ग साध्या ‘इमेज टू इमेज’चा. २०२२ साली स्टेबल डिफ्यूजन सर्वांसाठी खुलं झालं तेव्हापासून हौशी लोकांच्या हातात तो आहे. डिफ्यूजन मॉडेल नॉइजमधून, म्हणजे टीव्हीवरच्या मुंग्यांसारख्या विस्कळीत ठिपक्यांमधून, टप्प्याटप्प्याने चित्र साफ करत आणतं. इमेज टू इमेजमध्ये सुरुवात कोऱ्या नॉइजपासून होत नाही. आपल्या फोटोवर ठरावीक प्रमाणात नॉइज टाकला जातो आणि तिथून पुढची सफाई मॉडेल आपल्या वर्णनानुसार करतं. हे प्रमाण ठरवणाऱ्या आकड्याला `strength` म्हणतात आणि तो ० ते १ मध्ये असतो. एकूण ३० टप्पे आणि `strength` ०.४ ठेवलं, तर शेवटचे १२ टप्पेच चालतात.

खरी अडचण इथे आहे. नॉइज वाढत जातो तसे फोटोतले बारीक तपशील आधी बुडतात: खिडकीचे गज, लाकडावरचं नक्षीकाम, भिंतीचा पोत. मोठे आकार त्यानंतर जातात. आणि सगळ्यात शेवटपर्यंत काय टिकतं, तर चित्रातली उजेड-अंधाराची आणि रंगांची ढोबळ विभागणी. जलरंगाला मात्र नेमकी हीच विभागणी बदलून हवी असते. कागदाचा पांढरेपणा जागोजागी दिसला पाहिजे, ओसरीतला काळोख पातळ निळसर व्हायला हवा. म्हणजे जे आपल्याला राखायचं आहे ते लवकर पुसलं जातं आणि जे बदलायचं आहे ते चिकटून बसतं.

म्हणून `strength` ०.३ ठेवलं की वाडा जागेवर राहतो, पण चित्र फोटोच वाटतं. वर थोडा ब्रशचा पोत येतो, ओसरीतला काळोख तसाच. ०.७ वर नेलं की जलरंग छान उतरतो, पण खिडक्या पाचाच्या चार होऊ शकतात आणि वृंदावनाची कुंडी होऊ शकते. मधे कुठेतरी दोन्ही साधेल या आशेने माणूस आकडा पुढेमागे करत राहतो. पण शैली आणि मांडणी या दोन वेगळ्या गरजा एकाच आकड्याला बांधलेल्या आहेत. फोटोला नुसता तैलरंगाचा हलका पोत द्यायचा असेल तर हा मार्ग पुरतो. रंगसंगतीच पालटायची असेल तर सहसा पुरत नाही.

दुसरा मार्ग सूचनेवर चालणाऱ्या मॉडेलांचा. टिम ब्रूक्स, अलेक्झांडर होलिन्स्की आणि अलेक्सी एफ्रोस या बर्कलीच्या संशोधकांनी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मांडलेलं ‘इन्स्ट्रक्टपिक्सटूपिक्स’ हे त्यातलं सुरुवातीचं गाजलेलं नाव. २०२५ साली आलेली ‘फ्लक्स कॉन्टेक्स्ट’ आणि ‘क्वेन इमेज एडिट’ याच वाटेवरची. इथे सुरुवात निव्वळ नॉइजपासून होते, पण मूळ फोटो प्रत्येक टप्प्यावर मॉडेलसमोर स्वच्छ, नॉइजविना ठेवलेला असतो. चित्रकाराने मूळ चित्र शेजारी टाचून नव्या कागदावर काम करावं तसं. त्यामुळे ओसरीचा काळोख उजळायला कसलीच आडकाठी नाही आणि खिडक्या कुठे आहेत हे शेवटच्या टप्प्यापर्यंत पाहता येतं. इन्स्ट्रक्टपिक्सटूपिक्समध्ये सूचनेचा जोर आणि मूळ फोटोचा जोर यांना वेगवेगळे आकडे आहेत. साधारणपणे पहिला ७.५ आणि दुसरा १.५ घेऊन सुरुवात करतात. चित्र फार बदललं तर दुसरा वाढवायचा, बदललंच नाही तर पहिला.

दोन्हींकडे लिहायचंही वेगळं. साध्या इमेज टू इमेजमधला मजकूर हे हव्या असलेल्या चित्राचं वर्णन असतं. तिथे ‘खिडक्या हलवू नका’ लिहिणं व्यर्थ, कारण मजकुराच्या दृष्टीने आधीचं चित्र नसतंच. सूचनेच्या मॉडेलला मात्र काय बदलायचं आणि काय राखायचं, दोन्ही सांगावं लागतं:

```
Change the style to watercolor. Keep the same composition, framing, camera angle and the position of every object.
```

तरीही मांडणीला कुलूप लागलेलं नसतं. मूळ आणि बदललेल्या चित्रांच्या लाखो जोड्या पाहून मांडणी राखण्याची सवय मॉडेलला लागलेली असते, आणि सवय चुकते. नेहमीची चूक म्हणजे अख्खं चित्र किंचित सरकतं किंवा थोडं मोठं होतं. सुटं पाहताना ते लक्षात येत नाही; मुखपृष्ठावर नाव बसवताना ते माडीच्या कौलांवर चढतं तेव्हा कळतं. एक कारण अगदी साधं असतं. काही मॉडेलं आपल्या ठरावीक मापांत बसवण्यासाठी फोटोची लांबी-रुंदी आधी बदलून घेतात. तेव्हा फोटो त्या मापातच कापून दिलेला बरा.

तपासायचं कसं? नवं चित्र मूळ फोटोवर ५० टक्के पारदर्शक ठेवा आणि आधी चारही कोपरे पाहा. सगळीकडे सारखंच अंतर पडलं असेल तर चित्र सरकलं आहे. मध्यावर जुळतंय आणि कडांकडे अंतर वाढत जातंय, तर ते मोठं किंवा लहान झालं आहे. या दोन्ही चुका चित्र ओढून, लहान-मोठं करून दुरुस्त होतात. पण बाकी सारं जुळलं असताना एकच खांब जाड झाला असेल, तर तो नव्याने रंगवला गेला आहे आणि नुसत्या सरकवण्याने तो सुधारणार नाही. दारावर नावाची पाटी असेल तर तीही बघा. देवनागरी अक्षरं दोन्ही मार्गांत बिघडू शकतात. पाटी मूळ फोटोतून कापून वर बसवणं मला जास्त खात्रीचं वाटतं.

साध्या इमेज टू इमेजची एक जमेची बाजू इथेच दिसते. तिथे वस्तू बदलतात, पण अख्खी चौकट सहसा सरकत नाही. म्हणून काही जण त्याच्या जोडीला २०२३ साली आलेलं ‘कंट्रोलनेट’ वापरतात. फोटोतल्या कडांचा रेखांकित आराखडा काढून तो मॉडेलला वेगळा देतात. मग `strength` बरंच वर नेलं तरी पाच खिडक्या पाचच राहतात. इमारतीच्या सरळ रेषा काटेकोर राखायच्या असतील तर हाच मार्ग मी आधी धरेन.

वारली शैली हवी असेल तर मात्र नाही. तिथे माणसाचं धड दोन त्रिकोणांचं असतं, म्हणजे आकार हाच शैलीचा भाग. कडांचा आराखडा दिला तर चौकात उभी असलेली बाई फोटोतल्या बाह्यरेषेतच अडकते आणि चित्र वारली होत नाही, गेरूवर पांढऱ्या रंगात छापलेला फोटो होतो. सूचनेचं मॉडेल तिच्या जागी दोन त्रिकोणांची बाई काढू शकतं. अशा कामात कडा जुळतात का हे पाहण्यात अर्थ नाही. बाई वृंदावनाच्या डावीकडेच आहे का, तितक्याच उंचीची आहे का आणि वरचं आभाळ मोकळं राहिलंय का, एवढं पाहायचं.