समुपदेशकाची नोकरी आली. सही करण्याआधी पगार आणि ‘वरचा माणूस’ दोन्ही तपासा

एमएसडब्ल्यू किंवा एमए सायकॉलॉजी करून गावी परतलेल्या मुला-मुलींना आता तालुक्याच्या ठिकाणीही कामं मिळू लागली आहेत. इंग्रजी माध्यमाच्या शाळा समुपदेशक नेमतात, ग्रामीण रुग्णालयात एचआयव्ही तपासणीच्या आयसीटीसी केंद्रात समुपदेशक असतो, एमआयडीसीतल्या कंपन्या कामगार कल्याणासाठी एमएसडब्ल्यू झालेले उमेदवार घेतात. घरी पहिला प्रश्न येतो, “पगार किती?” तो विचारायलाच हवा. पण त्याच्याबरोबर दुसराही विचारावा लागतो: अवघड केस समोर आली तर विचारायचं कोणाला?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका मुलीला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. पहिली नोकरी शाळेत, ‘पॅकेज’ महिना 20 हजार. दुसरी एका संस्थेमार्फत रुग्णालयातल्या केंद्रात, मानधन महिना 16 हजार. घरचे म्हणणार, शाळाच बरी. आता हिशोब करून बघू.

20 हजारांचे हातात किती?

शाळेच्या पत्रात मूळ पगार 12 हजार लिहिलाय. त्यावर 12 टक्के पीएफ म्हणजे 1,440 रुपये. शाळेने भरायचे 1,440 रुपयेही ‘पॅकेज’मध्येच धरलेत आणि मुलीच्या वाट्याचे 1,440 वेगळे कापले जाणार. म्हणजे 2,880 गेले, हातात आले 17,120. (ईएसआय लागू असेल तर आणखी थोडी कपात होते, ती इथे धरलेली नाही. महिलांना 25 हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. मुलगा असता तर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले गेले असते.)

खरी मेख पत्राच्या शेवटी आहे. करार 10 महिन्यांचा, उन्हाळी सुट्टीचा पगार नाही. म्हणजे वर्षाचे 1,71,200. शाळा लांब आहे. एसटीत महिलांना अर्धं तिकीट असलं तरी रोजचे जाऊन-येऊन 80 रुपये, महिन्याचे 22 दिवस, असे 10 महिन्यांत 17,600 गेले. उरले 1,53,600.

रुग्णालयाच्या केंद्राचा करार 11 महिन्यांचा, पीएफ नाही. वर्षाचे 1,76,000. जाण्या-येण्याला महिना 1,000 धरले तर 11 हजार गेले, उरले 1,65,000. गृहभेटीचा प्रवासखर्च संस्था वेगळा देते, असं पत्रात लिहिलंय. इथे मानधनातून 10 टक्के टीडीएस कापला जाईल, म्हणजे दर महिन्याला खात्यावर 14,400 च येतील. घाबरू नका. एवढ्या उत्पन्नावर कर बसत नाही, त्यामुळे आयकर विवरणपत्र भरलं की ते पैसे परत मिळतात. विवरणपत्र भरलंच नाही, तर मात्र वर्षाचे 17,600 तसेच राहतात.

म्हणजे हातात येणारी रक्कम 16 हजारवाल्या नोकरीत जास्त आहे. शाळेच्या बाजूने पीएफचे वर्षाला 28,800 साठतात, ते धरले तर शाळा 17,400 रुपयांनी पुढे जाते. कागदावर दिसलेला महिन्याचा 4 हजारांचा फरक प्रत्यक्षात दीड हजाराच्या आत आला. तोही पीएफ खरंच भरला जात असेल तरच. पहिल्या पगारानंतर यूएएन नंबर मागून घ्या आणि उमंग ॲपवर पासबुक बघा. पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत पैसे भरावे लागतात. पगारातून कापलेत आणि पासबुकात दोन महिने काहीच नाही, तर तिथेच विचारा.

‘सुपरव्हिजन’ म्हणजे हजेरी तपासणं नव्हे

एमएसडब्ल्यू करताना फील्ड वर्कला एक सुपरव्हायझर असतो. विद्यार्थी केस लिहून नेतो आणि सर किंवा मॅडम बसून विचारतात: तू असं का म्हणालास, पुढच्या वेळी काय करशील? नोकरी लागली की हे बहुतेक ठिकाणी बंद होतं. वरचा माणूस असतो, पण तो रजिस्टर बघतो: महिन्यात किती जणांशी बोललात, टार्गेट झालं का. तेही लागतं, पण त्याने केस सुटत नाही.

वेळ आली की हा फरक जाणवतो. समजा, आठवीतली मुलगी समुपदेशकाजवळ रडत सांगते की नात्यातला माणूस तिच्याशी वाईट वागतो. मुख्याध्यापक म्हणतात, “शाळेचं नाव जाईल, घरच्यांना बोलावून मिटवू.” इथे कायदा स्पष्ट आहे. पॉक्सो कायदा 2012 च्या कलम 19 नुसार अशी माहिती ज्याला मिळाली, त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 नुसार 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संस्थेच्या प्रमुखावर शिक्षा वर्षापर्यंत आहे. पहिलीच नोकरी करणाऱ्या पोरीला हे मुख्याध्यापकांपुढे एकटीने बोलावं लागणार, की फोन करायला कोणी अनुभवी माणूस असणार? मुलांसाठीचा 1098 नंबर आहेच, पण रोजच्या कामात सोबत देणारा माणूस वेगळा लागतो.

मुलाखतीतच ओळखता येतं. “सुपरव्हिजन आहे का?” असं विचारलं तर सगळे ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी विचारा, “मागची अवघड केस कोणती होती आणि समुपदेशकाने ती कोणाशी बोलून ठरवली?” खरोखर सोय असेल तर समोरचा माणूस नाव न घेता केस सांगेल, कोण येतं आणि किती दिवसांनी बसतं ते सांगेल. नसेल तर “आमच्याकडे तशा केसेस येत नाहीत” असं उत्तर येतं. तेच उत्तर समजा.

दवाखान्यात पाटी, कंपनीत रजिस्टर

खासगी दवाखान्यात एक गोष्ट जरूर बघा: तुमच्या नावाची पाटी. नुसत्या एमएवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहू देऊ नका. त्यासाठी एम.फिल.सारखं मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. 1992 च्या त्या कायद्यात नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. पाटी डॉक्टर लावतात, पण नाव तुमचं असतं. एमएसडब्ल्यूचंही तसंच. मानसिक आरोग्य कायदा 2017 नुसार ‘सायकियाट्रिक सोशल वर्कर’ म्हणायला त्या विषयातली एम.फिल. लागते. ‘समुपदेशक’ किंवा ‘समाजकार्यकर्ता’ लिहायला सांगा.

कंपनीत विचारायचा प्रश्न वेगळा आहे: कामगार माझ्याशी बोलला, ते रजिस्टर कोण वाचणार? दारू सोडायची म्हणून आलेल्या कामगाराचं नाव एचआरच्या टेबलावर गेलं, तर पुढच्या महिन्यात तुमच्याकडे कोणी फिरकणार नाही. पत्र कंपनीचं आहे की ठेकेदाराचं, हेही बघा. पगार थकला तर भांडायचं कोणाशी, हे त्यावर ठरतं.

आता उदाहरणातल्या मुलीकडे परत येऊ. शाळेत तिच्या वर फक्त मुख्याध्यापक आहेत. केंद्रात दर 15 दिवसांनी जुने समुपदेशक येऊन केसेसवर बसतात. पहिल्या दोन वर्षांसाठी महिन्याचे दीड हजार सोडून केंद्र घेणं तिला परवडेल. पण घर तिच्याच पगारावर चालत असेल आणि पीएफ महत्त्वाचा वाटत असेल, तर शाळा घेऊन तिने सही करण्याआधी दोन गोष्टी पत्रात लिहून मागाव्यात: सुट्टीतला पगार, आणि महिन्यातून एकदा बाहेरच्या अनुभवी समुपदेशकाशी बसण्याची परवानगी व खर्च. तोंडी ‘बघू’ म्हणाले, तर ते नाही असंच धरून हिशोब करावा.