अ‍ॅनिमेशन फिल्म संपली, आता तिचं 'पोस्टमॉर्टेम' का करायचं?

पोस्टमॉर्टेम म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतो सरकारी दवाखाना आणि मागची ती बंद खोली. पण अ‍ॅनिमेशनच्या धंद्यात हा शब्द रोजचा आहे. फिल्म पूर्ण झाली की टीम एकत्र बसते आणि पुढच्या वेळी काय तसंच ठेवायचं, काय बदलायचं, हे लिहून काढते. त्यालाच पोस्टमॉर्टेम म्हणतात. फिल्म चांगली झाली असली तरी ते करतात.

याबद्दल सगळ्यात मोकळेपणाने लिहिलंय पिक्सार स्टुडिओचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनी. 2008 साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये त्यांनी सांगितलं की, लोक पोस्टमॉर्टेममधून शिकतात, पण ते करायला त्यांना आवडत नाही. काम संपलेलं असतं, सगळे थकलेले असतात, मग जो तो एकमेकांचं कौतुक करून मोकळा होतो. म्हणून पिक्सारमध्ये प्रत्येक गटाला दोन याद्या मागायचे: पुन्हा कराव्यात अशा पाच गोष्टी आणि पुन्हा करू नयेत अशा पाच. चांगल्याची यादीही द्यायची असल्याने माणसं वाईटाबद्दल जरा कमी बिचकतात. दुसरा उपाय म्हणजे आकडे. एखादं काम किती वेळा परत आलं, त्याला किती दिवस लागले, हे समोर ठेवलं की आठवणींवरची वादावादी कमी होते.

पिक्सारकडे शेकडो माणसं असतात. चार मित्रांच्या टीमला हे कसं जमेल? एक कल्पित उदाहरण घेऊ.

समजा, यवतमाळमधली चौघांची टीम

एक दिग्दर्शक, दोन अ‍ॅनिमेटर आणि बॅकग्राउंड रंगवणारी एक चित्रकार. नोकरी-कॉलेज सांभाळून संध्याकाळी काम. विषय कापसाच्या शेतातली आजी आणि तिचा नातू. तीन मिनिटांची टूडी फिल्म, 36 शॉट. सेकंदाला 24 फ्रेम असतात आणि एक चित्र दोन फ्रेम टिकवायचं ठरलं, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. तीन मिनिटांची 2160. जुलैमध्ये काम सुरू झालं. डिसेंबरअखेर संपायचं होतं, पण संपलं फेब्रुवारीच्या मध्यात.

उशीर का झाला, असं विचारलं तर चौघांचं एकच उत्तर: लाइट. शेवटच्या आठवड्यात वीज जात होती, रेंडर मध्येच बंद पडत होतं. रात्री दोन वाजता काळ्या पडलेल्या स्क्रीनसमोर बसलेलं सगळ्यांनाच आठवत होतं.

पण या टीमने एक शहाणपणाचं काम केलं होतं. पहिल्या दिवसापासून एक शॉट-शीट ठेवली होती. प्रत्येक शॉटसमोर ठरलेले दिवस, लागलेले दिवस, किती वेळा परत करावा लागला आणि का, एवढंच. बैठकीच्या आदल्या दिवशी दिग्दर्शकाने त्याची बेरीज केली.

अ‍ॅनिमेशनला प्रत्येक शॉटचे तीन याप्रमाणे 108 दिवस धरले होते. लागले 152. म्हणजे 44 दिवस जास्त. त्यातले 35 दिवस फक्त सात शॉटनी खाल्ले होते. या सात शॉटना 21 ऐवजी 56 दिवस लागले, आणि सातही एकाच अ‍ॅनिमेटरकडे होते. विजेने वाया गेलेले दिवस होते चार, आणि तेही रेंडरचे.

त्या सात शॉटमध्ये काय होतं?

सातही शॉटमध्ये आजी बोलते.

अ‍ॅनिमेशनमध्ये चित्रांच्या आधी अ‍ॅनिमॅटिक बनवतात. स्टोरीबोर्डची साधी चित्रं आवाजासकट एकामागोमाग लावायची, म्हणजे कोणता शॉट किती सेकंदांचा हे कळतं. या टीमने अ‍ॅनिमॅटिकमध्ये कामचलाऊ आवाज टाकला. दिग्दर्शकानेच प्रमाण मराठीत आजीची वाक्यं वाचली. खरा आवाज गावातल्या एका आजींचा, वऱ्हाडीत घ्यायचा होता. पण कापसाची वेचणी सुरू झाली आणि त्यांना वेळ मिळाला तो डिसेंबरात. तोवर सातही शॉट काढून झाले होते.

"कुठे चाललास?" हे वाक्य दिग्दर्शकाने एका सेकंदात म्हटलं होतं. आजींनी माइकसमोर म्हटलं, "काहून रे, कुठी जाऊन राह्यला?" आणि मध्ये छान थांबल्याही. झाले जवळपास दोन सेकंद. एक सेकंद वाढला की 12 चित्रं वाढतात. आणि फक्त ओठ बदलून भागत नाही. मान कधी वळते, हात कधी उठतो, हेही बोलण्याच्या ठेक्यावर बसवलेलं असतं. त्यामुळे शॉट जवळजवळ नव्याने काढावे लागले. (फिल्ममधलं सगळ्यात जिवंत काय, तर आजींचा आवाजच. त्यामुळे तो बदलायचा प्रश्नच नव्हता.)

म्हणजे उशीर दिसला जानेवारीत, पण त्याचं मूळ होतं जुलैतल्या अ‍ॅनिमॅटिकमध्ये. टीम फक्त आठवणीवर गेली असती तर पुढच्या फिल्मसाठी इन्व्हर्टर घेऊन बसली असती.

लिहायचं कसं?

'कम्युनिकेशन सुधारलं पाहिजे' असं वाक्य आलं तर ते खोडावं. त्यातून उद्या सकाळी कोणी काय करायचं हे कळत नाही. या टीमची ओळ अशी हवी: 'बोलणाऱ्या पात्राचा अंतिम आवाज मिळाल्याशिवाय त्याचा शॉट अ‍ॅनिमेटरकडे जाणार नाही. रेकॉर्डिंग पेरणीआधी, मे महिन्यात. जबाबदारी दिग्दर्शकाची.' मे महिन्यात यवतमाळला पारा चाळिशीच्या वर असतो आणि रेकॉर्डिंगला पंखा बंद ठेवावा लागतो. म्हणून वेळ पहाटेची.

'तसंच ठेवायचं' या यादीतही कारण लागतं. चित्रकाराने कापसाची बोंडं आणि झाडं सुटी काढून ठेवली होती. शेताचे सगळे शॉट तीच झाडं पुढेमागे सरकवून झाले आणि एकही बॅकग्राउंड परत आलं नाही. फाइलला `sh014_anim_v03` असं शॉट, काम आणि आवृत्ती सांगणारं नाव दिल्याने चुकीची फाइल एकदाही रेंडर झाली नाही. हे लिहून ठेवलं नाही तर पुढच्या वेळी `final_final2` पुन्हा उगवतं.

खरी अडचण माणसांची असते. चौघंच असताना निनावी चिठ्ठ्यांचा उपयोग नसतो, पहिल्या ओळीतच कळतं कोणी लिहिलंय. त्याऐवजी प्रत्येक मुद्दा माणसाच्या नव्हे, शॉटच्या क्रमांकाने सुरू करायचा. 'तू आवाज उशिरा आणलास' याऐवजी 'शॉट 14 तीनदा झाला'. आपापल्या याद्या बैठकीआधीच लिहून आणायच्या, नाहीतर दिग्दर्शक बोलला की बाकीचे माना डोलावतात. शक्य असेल तर बैठक टीमबाहेरच्या माणसाने चालवावी.

बैठक फिल्म संपल्यावर दोनेक आठवड्यांत घ्यावी आणि फेस्टिव्हलचा निकाल लागायच्या आत. बक्षीस मिळालं की सगळं बरोबरच होतं असं वाटतं, नाही मिळालं की सगळंच चुकलेलं दिसतं.

एका फिल्मवरून सगळंच ठरवता येत नाही, हेही खरं. संवादाचे शॉट रखडण्यामागचं कारण शीटमध्ये स्पष्ट आहे. पण उरलेल्या 29 शॉटना 87 ऐवजी 96 दिवस लागले, ते अंदाज कमी धरल्यामुळे की दिवाळीच्या सुट्टीमुळे, हे या शीटवरून कळत नाही. तिथे नियम बनवायचा नाही. 'पुढच्या फिल्ममध्ये बघायचं' एवढं लिहायचं आणि शीटमध्ये सुट्टीचा एक रकाना वाढवायचा.