वेरूळच्या कैलासाचा जाब उरुग्वे विचारू शकेल?

छत्रपती संभाजीनगरहून तासाभराच्या अंतरावर राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात एक अख्खं देऊळ डोंगरात वरून खाली कोरत आणलं गेलं. वेरूळचं हे कैलास लेणं आणि अजिंठा, दोन्ही १९८३ साली जागतिक वारसा यादीत गेली. तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही. उद्या हे लेणं कुणी मुद्दाम फोडलं, तर दूरच्या उरुग्वेला त्याचा जाब मागता येईल का?

परक्या देशाच्या सैन्याने ते फोडलं, तर उत्तर सोपं आहे. नुकसान भारताचं, म्हणून दावाही भारताचा. पण लेणं जिथे आहे त्याच देशाच्या सरकारने ते फोडलं, तर? तिथे इजा झालेला दुसरा देशच नसतो. जुन्या कायद्याप्रमाणे मग कुणालाच काही विचारता येत नव्हतं, कारण ज्याचं नुकसान त्याचाच दावा, असा तो कायदा होता. १९६६ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात याचा कडेलोट झाला. नैऋत्य आफ्रिकेतल्या, म्हणजे आजच्या नामिबियातल्या, वर्णभेदाविरुद्ध इथिओपिया आणि लायबेरियाने दक्षिण आफ्रिकेवर खटला भरला होता. मतं पडली सात-सात, आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने न्यायालयाने सांगितलं की या दोन देशांचा स्वतःचा असा कायदेशीर हक्कच यात गुंतलेला नाही.

पुढच्या चारच वर्षांत तेच न्यायालय वेगळं बोललं, आणि तेही कुठे, तर बार्सिलोनाला वीज पुरवणाऱ्या एका कंपनीच्या भागधारकांसाठी बेल्जियमने भरलेल्या खटल्यात! बेल्जियम तो खटला हरला. पण १९७०च्या त्या निकालात न्यायालयाने जाता जाता लिहिलं की काही कर्तव्यं एकेका देशाशी नसतात, ती समस्त आंतरराष्ट्रीय समुदायाशी असतात आणि ती पाळली जाण्यात प्रत्येक देशाला कायदेशीर हितसंबंध असतो. आक्रमण, वंशसंहार, गुलामगिरी आणि वांशिक भेदभाव यांची बंदी ही त्याची उदाहरणं. लॅटिनमध्ये यांना 'अर्गा ओम्नेस' कर्तव्यं म्हणतात. निकालासाठी या ओळींची गरजही नव्हती, तरी आज त्या खटल्यातल्या त्याच ओळी सगळ्यांत जास्त उद्धृत होतात.

२००१ साली आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने याला नियमाचं रूप दिलं. त्याच्या कलम ४८ प्रमाणे इजा न झालेला देशही जबाबदारीचा दावा करू शकतो, मग ते कर्तव्य साऱ्या समुदायाशी असो किंवा एखाद्या करारातल्या देशांच्या गटाशी, त्यांच्या सामायिक हितासाठी असो. त्याला मागता काय येतं, हे मला फार सुंदर वाटतं. कृत्य थांबवा, पुन्हा करणार नाही अशी हमी द्या, आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांना भरपाई द्या. स्वतःच्या खिशासाठी एक पैसाही मागता येत नाही. आणि नुसता निषेधाचा खलिता पुरत नाही. नेमकी मागणी समोर ठेवावी लागते.

त्याच वर्षी, मार्चमध्ये, तालिबानने बामियानच्या कड्यातल्या दोन विशाल बुद्धमूर्ती सुरुंग लावून उडवल्या. मोठी मूर्ती ५५ मीटर उंच होती. मूर्ती अफगाणिस्तानातल्या, फोडणारे तिथलेच सत्ताधारी. हाच तो इजा झालेला देश नसलेला प्रसंग. २००३ साली युनेस्कोने अशा विध्वंसाबद्दल राज्याची जबाबदारी सांगणारा जाहीरनामा केला, पण जाहीरनामा म्हणजे करार नव्हे. वारशाचं रक्षण वंशसंहारबंदीच्या पंगतीला बसतं का, यावर कायदेपंडितांचं अजून एकमत नाही.

उरुग्वेसाठी मला १९७२च्या जागतिक वारसा कराराची वाट अधिक पक्की वाटते. भारत आणि उरुग्वे दोघंही त्यात आहेत. कलम ४ प्रमाणे आपल्या भूमीवरचा वारसा जपणं हे त्या त्या देशाचं कर्तव्य आहे, आणि कलम ६ म्हणतं की त्याच्या रक्षणासाठी सहकार्य करणं हे साऱ्या आंतरराष्ट्रीय समुदायाचं कर्तव्य आहे. छळविरोधी कराराबाबत २०१२ साली न्यायालयाने सेनेगलविरुद्ध बेल्जियमला केवळ करारातला सभासद म्हणून उभं राहू दिलं. तोच तर्क इथे लावता येईल, असं माझं मत आहे.

पण दावा करण्याचा हक्क वेगळा आणि न्यायालयाचं दार वेगळं. वारसा करारात हेगला जाण्याची तरतूदच नाही. भारताने त्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य केलं आहे, पण अटी घालून. त्यातली एक अशी की बहुपक्षीय करारावरचा वाद असेल, तर त्या करारातले सगळे देश खटल्यात पक्षकार हवेत, नाहीतर भारताने खास संमती द्यायला हवी. जगातले जवळजवळ सगळे देश या करारात आहेत. म्हणजे उरुग्वे दिल्लीकडे रीतसर मागणी पाठवू शकेल, इतरांनाही सोबत घेऊ शकेल. हेगमध्ये मात्र भारताच्या होकाराशिवाय त्याची फाइल उघडणार नाही.