वरच्या साहेबांना फ्रेंचमध्ये मेल

समजा, मंगळवार पेठेतून पॅरिसच्या कंपनीचं काम करणाऱ्याचा पगारातला फरक अडकलाय. त्यासाठी मेल असा:

• एन+१, एन+२: थेट साहेब आणि त्यांचे साहेब. मेल एन+२ यांना; एन+१ यांना उघड प्रत.

• सुरुवात: ‘झ म पेर्मे द वू सॉलिसिते’, म्हणजे आपल्याकडे विनंती करण्याची मोकळीक घेतोय. संबोधन ‘वू’; ‘त्यू’ समोरच्याने आधी वापरलं असेल तरच.

• घटनाक्रम: एन+१ यांच्याकडे मागणी ४ मार्च, स्मरणपत्र (रलांस) ११ मार्च. विशेषणं नकोत.

• नाजूक जागा: ‘त्यांनी उत्तर दिलं नाही’ हा थेट आरोप. त्याऐवजी ‘सोफ एरर द मा पार’, माझी चूक होत नसेल तर, मागणी अनुत्तरित आहे.

• शेवट: एकच विनंती, मग ‘कोर्दियालमां’.