झेनरच्या वाटेवरचा रेझिस्टर

शेतातल्या पाण्याच्या टाकीवर पातळी दाखवणारं एक छोटं सर्किट बसवायचं आहे. टाकी भरत जाईल तसे एकामागून एक चार एलईडी लागतात. प्रत्येक एलईडी ५ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे टाकी भरलेली असताना सर्किट २० मिलिअँपिअर ओढतं आणि रिकामी असताना जवळजवळ काहीच नाही. सर्किटला ५ व्होल्ट हवेत. जवळ आहे ती सोलर पॅनलवर चार्ज होणारी १२ व्होल्टची बॅटरी. तीही एका जागी ठरत नाही. पहाटे उतरलेली असताना ११ व्होल्ट, भर उन्हात चार्ज होताना साडेचौदा. पुरवठाही हलतो आणि मागणीही हलते. तरी मधला व्होल्टेज स्थिर राहायला हवा.

यासाठी सर्वांत साधा उपाय म्हणजे ५.१ व्होल्टचा झेनर डायोड आणि त्याच्या आधी एक रेझिस्टर. झेनर उलटा जोडलेला असतो आणि लोडला समांतर बसतो. त्याच्यावरचा व्होल्टेज ५.१ पर्यंत पोहोचला की तो करंट वाहू देतो. रेझिस्टरमधून येणाऱ्या करंटपैकी लोडला हवा तेवढा लोड घेतो, उरलेला झेनरमधून जातो. धरणाच्या सांडव्यासारखंच हे काम आहे: सांडव्यावरून थोडं तरी पाणी वाहतंय, तोवरच पातळी ठरलेल्या जागी आहे असं समजावं.

म्हणून रेझिस्टर निवडताना पहिला प्रश्न असा: सगळ्यांत वाईट वेळी झेनरसाठी काही उरतं का? ती वेळ म्हणजे बॅटरी उतरलेली आणि चारही एलईडी पेटलेले. लोडचे २० आणि झेनर जागा राहावा म्हणून किमान ५, असे २५ मिलिअँपिअर रेझिस्टरमधून यायला हवेत. रेझिस्टरवर पडणारा व्होल्टेज ११ वजा ५.१, म्हणजे ५.९ व्होल्ट. त्याला ०.०२५ अँपिअरने भागलं की २३६ ओहम येतात. याहून मोठा रेझिस्टर चालणार नाही. बाजारात सहज मिळणारी खालची किंमत २२० ओहम. त्यातून २६.८ मिलिअँपिअर येतात आणि झेनरला ६.८ उरतात. रेझिस्टर ५ टक्क्यांनी जास्त, म्हणजे २३१ ओहमचा निघाला, तरी झेनरला साडेपाच मिळतातच.

दुसरा प्रश्न उष्णतेचा, आणि इथेच बऱ्याच जणांचा अंदाज उलटा पडतो. लोड जास्त असताना झेनर तापत असेल असं वाटतं. खरं तर तो सर्वांत जास्त तापतो लोड नसताना. टाकी रिकामी, बॅटरी साडेचौदा व्होल्टवर, अशा भर दुपारी रेझिस्टरमधून ४२.७ मिलिअँपिअर येतात आणि ते सगळे झेनरला सोसावे लागतात. ५.१ ने गुणलं की साधारण ०.२२ वॅट होतात. उन्हात तापणाऱ्या बंद डब्यासाठी १ वॅटचा झेनर घेतला की पुरेशी सवड राहते. रेझिस्टरमध्ये त्याच वेळी ०.४ वॅट जळतात, म्हणून नेहमीचा पाव वॅटचा तिथे टिकणार नाही. आउटपुट चुकून शॉर्ट झालं तर हा आकडा १ वॅटजवळ जातो. तेव्हा २ वॅटचा लावलेला बरा.

रेझिस्टर गरम लागतो म्हणून कुणी ४७० ओहमचा बसवला, तर तो थंड राहील खरा, पण पहाटे भरलेल्या टाकीवर त्यातून २० मिलिअँपिअर येणारच नाहीत. झेनर वाहणं थांबवेल आणि आउटपुट सव्वाचार व्होल्टच्या आसपास घसरेल. दुपारी रिकाम्या टाकीवर मोजलं तर मात्र सगळं ठीक दिसेल. उलट ४७ ओहमचा बसवला, तर लोड नसताना झेनरमध्ये १ वॅटहून अधिक जळेल आणि तो फार दिवस टिकणार नाही.

तपासणी मल्टिमीटरने होते. चारही एलईडी पेटवून, बॅटरी उतरलेली असताना रेझिस्टरच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजा आणि त्याला ओहमने भागा. आलेल्या करंटमधून लोडचा करंट वजा केला की उरतो तो झेनरचा.

या जोडणीला मर्यादाही आहेत. झेनरमधला करंट ७ पासून ४३ मिलिअँपिअरपर्यंत बदलताना आउटपुट पाव व्होल्ट किंवा थोडं जास्तही हलू शकतं, आणि टाकी रिकामी असतानाही बॅटरीतून करंट जातच राहतो. काही दहा मिलिअँपिअरपर्यंतच्या लोडला हे चालतं. त्यापुढे ७८०५ सारखा तीन पायांचा रेग्युलेटर घ्यावा. झेनरच वापरायचा असेल, तर रेझिस्टरची किंमत कमी व्होल्टेज आणि पूर्ण लोडवर ठरवा, आणि दोन्हींचे वॅट जास्त व्होल्टेज आणि शून्य लोडवर.